६५० ब्राँझ की ७५० गोल्ड? आधी लेबलवरची इनपुटची ओळ वाचा

प्रश्न: रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ५०६० टीआय असा पीसी जुळवतोय. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, ६५० वॅट ब्राँझ पुरेल की ७५० गोल्ड घेऊ? पुढे कार्ड बदलायचं झालं तर हेडरूम किती धरायची? राहायला देवगड तालुक्यात आहे.

६५० घ्या, पुरेल. कार्ड १८० वॅट, प्रोसेसर जोर लावला तरी ८८ वॅट, बोर्ड-रॅम-पंखे वगैरेला पन्नास-साठ धरा, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास झाले. उद्या २५० वॅटचं कार्ड टाकलंत तरी चारशेवर जाणार नाही. हे गणित सगळेच सांगतात. पण तुम्ही शेवटी देवगड लिहिलंत म्हणून मी लिहायला बसलो, कारण आपल्याकडे एसएमपीएस वॅटमुळे कमी आणि लाईनमुळे जास्त दगा देतो, आणि हे मला कोणी वेळेत सांगितलं नाही.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझा पीसी म्हणजे रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६०, त्याला लोकल ५०० वॅटचा एसएमपीएस. वर्षभर नीट चालला आणि मे लागला तसा रोज रात्री आठ ते दहाच्या मध्ये गेम चालू असताना पीसी आपोआप रिस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, काही नाही, एकदम काळं आणि परत विंडोज सुरू. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Kernel-Power`, `Event ID 41`, आत `BugcheckCode 0`. शून्य म्हणजे विंडोज क्रॅश होऊन काही नोंदवून बंद पडलेलं नाही, तर बहुतेक वेळा वीजच अचानक तुटलेली असते.

माझा मावसभाऊ डोंबिवलीला असतो, ओळखीच्या दहा-बारा जणांचे पीसी त्याने जुळवून दिलेत, त्यामुळे घरात या विषयात त्याचा शब्द शेवटचा. तो सुट्टीला आलेलाच होता. म्हणाला, "वॅट कमी पडतायत रे, ७५० टाक." मी मुंबईतल्या एका दुकानातून ७५० मागवला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या रात्री परत तेच. मग दादा म्हणाला मदरबोर्ड गेलाय, आणि जाताना अख्खा कॅबिनेट गाडीत घालून डोंबिवलीला घेऊन गेला. तिथे रात्रभर स्ट्रेस टेस्ट लावली, एकदाही बंद पडला नाही. "तुझ्या मशीनला काही झालेलं नाही, तूच काहीतरी करतोस," हे त्याने सगळ्या नातेवाईकांसमोर फोनवर सांगितलं, ते मला अजून लागतं.

कारण सापडलं ते आईला. पीसी परत आला, मी लावून बसलो, आणि ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, तुझो कॉम्प्युटर बंद पडता ना, तेव्हा हयली ट्यूब पण डोळो मारता." मी मल्टिमीटर प्लगात घातला. दुपारी २२५ व्होल्ट. रात्री साडेआठला १७५. मे महिन्यात चाकरमानी येतात, बंद असलेली घरं उघडतात, प्रत्येक घरात पंखे, फ्रीज आणि विहिरीवरचा पंप, आणि आमचं घर ट्रान्सफॉर्मरपासून लाईनच्या शेवटच्या टोकाला. डोंबिवलीत पूर्ण व्होल्टेज मिळत होतं म्हणून तिथे तो पास झाला.

आता हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण वॅटच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही. एसएमपीएसच्या आत एक मोठा कॅपॅसिटर असतो, लाईन क्षणभर तुटली तर तेवढा वेळ पीसी त्याच्यावर तगतो. चांगल्या सप्लायमध्ये पूर्ण लोडवर हा वेळ १६-१७ मिलिसेकंद असतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या लाईनचं एक आवर्तनही पुरतं नाही. माझ्याकडच्या दोन्ही सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे लाईन कमी-जास्त झाली तरी कॅपॅसिटरचं व्होल्टेज स्थिर राखणारं सर्किट, नव्हतं. अशा सप्लायमध्ये कॅपॅसिटर लाईनच्या व्होल्टेजप्रमाणे भरतो, २३० ला साधारण ३२५ पर्यंत आणि १७५ ला २४७ पर्यंत. साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबात जातो, त्यामुळे तो थेट ५८ टक्क्यांवर येतो. शिवाय कॅपॅसिटर ही टाकी समजलात तर तिचा नळ तळाला नसतो, ठराविक व्होल्टेजच्या खाली सप्लाय काम करत नाही, म्हणून वापरता येईल असा साठा निम्म्याहूनही कमी. मग शेजारचा पंप सुरू झाला, लाईन जराशी लचकली, की पीसी गेला. त्यात त्या ७५० च्या लेबलवर १२ व्होल्टला ३२ अँपिअर लिहिले होते, म्हणजे ३८४ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, बाकीचे वॅट नुसते कागदावर. तेवढे ३८४ सुद्धा मला पुरत होते, माझा पीसी तीनशेच्या आतच घेतो. प्रश्न वॅटचा नव्हताच.

शेवटी मी ५५० वॅटचा ब्राँझ आणला, ॲक्टिव्ह पीएफसीवाला, लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट. यात लाईन १७० असो की २३०, आतला कॅपॅसिटर ३८० च्या आसपासच भरलेला राहतो. त्याच आठवड्यात रात्री १७२ व्होल्टवर तीन तास खेळलो, ट्यूबने दोनदा डोळा मारला, पीसी हलला नाही. दोनशे वॅट कमी करून रोग गेला. दादा अजून म्हणतो की जुने दोन्ही पीस खराब निघाले असणार. दोन्ही पीस डोंबिवलीत आजही त्याच्याच मित्रांकडे चालू आहेत!

म्हणून घेताना इनपुटची ओळ वाचा. ब्राँझचा छाप असूनही काहींवर २००-२४० लिहिलेलं असतं, ते आपल्या गावांसाठी नाही. मग १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२ करा, ६५० च्या सप्लायला उत्तर साधारण ६४० च्या पुढे आलं पाहिजे.

ब्राँझ-गोल्डचं म्हणाल तर तुमच्या लोडवर दोघांत भिंतीकडून घेतलेल्या विजेचा फरक पंधरा-सोळा वॅटचा. रोज चार तास खेळलात तर वर्षाला २३ युनिट, दहा रुपयांनी धरले तरी २३० रुपये. गोल्डला दीड-दोन हजार जास्त पडत असतील तर ते विजेतून वसूल व्हायला साडेसहा ते पावणेनऊ वर्षं लागतील. गोल्ड हा फक्त कार्यक्षमतेचा शिक्का आहे, कमी व्होल्टेजला तो कसा वागेल याची परीक्षा त्यात नसते.

एक कबूल करायला हवं, दादाचं अर्धं बरोबर आहे. खऱ्या ७५० मध्ये सहसा कॅपॅसिटर मोठा असतो, आणि लोड निम्मा असला की तगण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे हेडरूम आपल्याकडे कामाला येते, पण लेबल खरं असेल तरच. किमतीत पाचेकशे रुपयांचाच फरक असेल तर ७५० घ्या, माझी हरकत नाही.

आणि पीसी रिस्टार्ट न होता पूर्ण बंदच राहत असेल, मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठत नसेल, तर ती लाईन नाही, तिथे बहुधा सप्लायचं प्रोटेक्शन पडतंय. तेव्हा वॅट मोजा. फ्रीजचा जुना स्टॅबिलायझर मात्र पीसीला लावू नका, त्याचा रिले टक् करतो त्या क्षणी काही मिलिसेकंद लाईन तुटतेच, मी तोही प्रयोग करून बसलोय. कोणी ६०० व्हीएचा यूपीएस सुचवला तर तो बहुतेक ३६० वॅटचाच असतो, तुमच्या पीसीला मॉनिटरसकट पूर्ण जोरावर तो कमी पडेल.

सप्लाय आणायच्या आधी एक रात्र साडेआठला प्लगात मल्टिमीटर घालून बघा आणि किती आला ते इथेच खाली लिहा.