रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याचं वय कसं ओळखायचं?

प्रश्न: काल एक कुत्री घरी आणली. केस झडलेत, चालताना लंगडते. म्हातारी असेल का?

उत्तर: केस आणि चाल यांवरून ठरवू नका. खरूज आणि उपासमार तरण्या कुत्र्यालाही म्हातारं दाखवते, आणि लंगडण्यामागे जुना मार असू शकतो.

आधी ओठ हळूच वर करून दात बघा. सात महिन्यांपर्यंत सगळे पक्के दात येतात. खालच्या पटाशीच्या दातांची कड तीन पाकळ्यांसारखी दिसली तर वय साधारण दीड-दोन वर्षांच्या आत. ती झिजून सपाट झाली असेल तर वय जास्त. पण दगड-हाडं चघळणाऱ्यांची लवकर झिजते. म्हणून दाढांवरचं पिवळं-तपकिरी कीटणही बघा.

मग डोळे. बाहुलीत निळसर धुरकटपणा साधारण सहा-सात वर्षांनंतर दिसू लागतो. दुधासारखा पांढरा डाग मात्र मोतीबिंदू, तो तरुणपणीही होतो.

आमच्याकडे आलेली एक अशीच टकली, लंगडी कुत्री सगळ्यांना दहा वर्षांची वाटली होती. दातांच्या पाकळ्या शाबूत, डोळे स्वच्छ, म्हणून डॉक्टरांनी कार्डावर 'सुमारे दीड वर्ष' लिहिलं. खरूज गेल्यावर तिने आमच्या चपला फाडल्या.