आजोबांचे शेरे की आजोबांची टिपणं?

प्रश्न: «मी एक लघुकथा लिहिते आहे. नातीला आजोबांच्या माघारी त्यांची एक जुनी कादंबरी सापडते. पानांच्या कडेला आजोबांनी पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं असतं. या लिखाणाला मी ‘तळटीपा’ म्हटलं होतं. मैत्रीण म्हणाली, ‘शेरे’ म्हण. बरोबर शब्द कोणता?»

‘तळटीपा’ आधी खोडा. तळटीप पानाच्या तळाशी असते, ती छापलेली असते आणि बहुतेक वेळा लेखकाची किंवा संपादकाची असते. वाचकानं हातानं कडेला लिहिलेलं काहीही तळटीप होत नाही. हल्ली पुस्तकांवरच्या लेखांतून, भाषणांतून ही चूक इतकी कानावर पडते की कडेच्या जागेला मराठीत नावच नाही असं वाटावं. नाव आहे आणि ते शाळेतल्या प्रत्येक वहीत आहे: समास. ‘डावीकडे समास सोडून लिहा’ हे ऐकूनच आपण लिहायला शिकलो. आणि टीपचं अनेकवचन टिपा, जसं वीट-विटा. ‘तळटीपा’ कुठेच लिहू नका.

‘सीमांत टीप’ सुचवणारेही भेटतील. त्यांचं ऐकू नका. समास हा घरचा, रुळलेला शब्द असताना इंग्रजीवरून असा जडशीळ शब्द बेतायची काही गरज नाही.

आता शेरा. तुमच्या मैत्रिणीनं सुचवलेला शब्द मोठा गमतीचा आहे. प्रगतिपुस्तकातला शेरा आणि गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ते सोडून देते. शब्दाचं मूळ पाहा. अरबीत ‘शर्ह’ म्हणजे उलगडा, स्पष्टीकरण, भाष्य. एखाद्या ग्रंथावर विस्तारानं लिहिलेली टीका म्हणजे त्याची शर्ह. पण त्या धातूचा मूळ अर्थ आहे उघडणं, उकलून दाखवणं. म्हणूनच ‘तशरीह’ या त्याच्याच भावंडाचे दोन अर्थ झाले. उर्दूत कवितेचं स्पष्टीकरण म्हणजे तशरीह आणि वैद्यकात देहाचं विच्छेदन करून आतली रचना दाखवणं म्हणजेही तशरीहच. कवितेचा अर्थ लावणं आणि शरीर उघडून दाखवणं ही दोन्ही कामं एकाच धातूनं पेलली आहेत. मला यापेक्षा देखणी व्युत्पत्ती क्वचितच भेटली आहे.

हा शब्द फारसीच्या वाटेनं आपल्या दफ्तरांत आला आणि कागदावर अधिकाऱ्यानं मारायच्या दोन ओळींपुरता उरला. अर्ज, हिशेब किंवा कैफियत समोर आली की वरिष्ठानं तिच्यावर आपलं मत लिहायचं, तो शेरा. उलगड्याचा निकाल झाला. खरं तर अरबी परंपरेत कडेच्या टिपणाला वेगळा शब्द आहे, हाशिया. त्याचा अर्थ कापडाचा काठ, पानाची कड आणि त्या कडेवर लिहिलेलं टिपण, असा तिहेरी. हिंदीनं हाशिया उचलला तो कडेच्या अर्थानं. मराठीनं कडेसाठी समास ठेवला आणि लिखाणासाठी शेरा घेतला.

एका व्याख्यानात मी ‘शेरा’ हा शिरापासून, म्हणजे मस्तकापासून आल्याचं ऐकलं, कारण म्हणे तो कागदाच्या माथ्यावर लिहितात. हे साफ नाकारते. शेरा कडेला असतो, अर्जाच्या खाली असतो, पाठीवरही असतो. शिवाय ‘शिर’चं ‘शेरा’ कोणत्या वाटेनं होतं ते दाखवा! उलट ‘शर्ह’चं ‘शेरा’ होण्याला जोडीदार आहे. अरबी ‘तर्ह’ची मराठीत ‘तऱ्हा’ झाली. शेवटी जोडाक्षरातला ह आला की आपण पुढे आकार लावून शब्द मोकळा करतो. एकार कसा आला याबद्दलचा तर्क माझा आहे: र आणि ह यांनी जागा बदलल्या, ‘शह्रा’सारखा उच्चार झाला आणि ‘शहर’ बोलताना ‘शेहेर’ होतं तसा तो ‘शेहरा’कडे झुकला. मग ह गळाला. ज्यांना प्रत्येक मराठी शब्द संस्कृतातूनच उतरलेला हवा असतो, त्यांनी एकदा जुनं दफ्तर उघडून वाचावं.

समासाबद्दलही माझं एक मत आहे. संस्कृतात समास म्हणजे संक्षेपही. गीतेत ‘समासेन’ येतं ते ‘थोडक्यात’ या अर्थानं. पानानं अंग आवरून घेतलेली जागा ती समास, असं मी मानते. दासबोधातले समास म्हणजे प्रकरणं, तो अर्थ इथे आणू नका.

तर तुमच्या कथेतल्या आजोबांनी नेमकं काय लिहिलंय त्यावर शब्द ठरेल. समजा, एका पानावर छापताना काना गळलाय आणि त्यांनी ओळीत खूण करून तो समासात लिहिलाय. ही दुरुस्ती झाली. पोथ्या नकलणारे हेच करत. राहून गेलेल्या अक्षराच्या जागी काकपद, म्हणजे कावळ्याच्या पावलासारखी खूण घालायची आणि अक्षर समासात लिहून शेजारी ओळीचा आकडा द्यायचा. दुसऱ्या पानावर ‘पडवी’ या शब्दाशेजारी त्यांनी ‘आमच्याकडे ओटी’ असं लिहिलं असेल तर ते टिपण. तिसऱ्या पानावर नायक घर सोडून जातो आणि शेजारी फक्त ‘भेकड’ एवढंच आहे. हा शेरा. इथे आजोबा निकाल देतायत.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं या तिसऱ्या पानापुरतं बरोबर. सगळ्यांना मिळून शेरे म्हटलंत तर आजोबा सगळीकडे निवाडाच करत होते असं वाचकाला वाटेल. निवेदनात ‘समासातली टिपणं’ लिहा आणि शेरा हा शब्द त्या ‘भेकड’साठी राखून ठेवा. नातीच्या तोंडी मात्र यातलं काहीच घालू नका. ती आईला हाक मारून ‘आजोबांनी कडेला लिहिलंय बघ’ असंच म्हणेल.

आजोबा स्वातंत्र्याच्या आसपास शाळेत गेलेले असतील तर त्यांना मोडी येत असणं शक्य आहे. तसं असेल तर कथेला एक खरीखुरी अडचण मिळते. मोडीत आधी शिरोरेघ ओढून अक्षरं तिला लटकवत जातात, हात फारसा न उचलता. त्यामुळे दोन शब्दांमधली जागाही दिसत नाही. शिवाय मोडी ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाही. नायकाच्या नावाशेजारी आजोबांनी एकच शब्द लिहिला असेल तर तो ‘दिन’ की ‘दीन’, हे अक्षरांवरून ठरत नाही. दिवस मोजला असेल तर टिपण, माणसाला दीन म्हटलं असेल तर शेरा. नातीला मागची-पुढची पानं वाचूनच ते ठरवावं लागेल आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवूनही ‘दोन्ही वाचता येतं’ एवढंच उत्तर मिळेल.