पुरण आटवण्याच्या चित्रीकरणात काय पळवावे आणि काय पळवू नये

> पुरणपोळीच्या व्हिडिओसाठी पुरण आटवण्याचे सलग २४ मिनिटांचे चित्रीकरण फोनवर केले आहे. सगळे ८ पट वेगाने पळवले तरी ३ मिनिटे होतात, आणि पुरण केव्हा झाले हेच कळत नाही. महत्त्वाचे तेवढे नेहमीच्या वेगात ठेवून बाकीचे कसे पळवायचे? शॉटकट वापरतो, गरज पडल्यास एफएफएमपेग चालवता येते.

वेग किती पट ठेवायचा हा प्रश्न नंतरचा आहे. आधी चित्रीकरण एकदा सलग पाहून पुरणाची अवस्था नेमकी कुठे कुठे बदलते ते कागदावर लिहून काढावे. आटवताना असे चार टप्पे येतात. पहिला म्हणजे कट काढलेल्या डाळीत गूळ घालून दोन्ही एकत्र केले जातात तो. दुसरा, गूळ पूर्ण विरघळून मिश्रण एकदम सैल होते तो. पहिल्यांदा पुरण करणारा माणूस इथेच घाबरतो आणि काहीतरी बिघडले असे समजतो, म्हणून हा क्षण खऱ्या वेगातच दिसला पाहिजे. तिसरा, मिश्रण दाटून जड बुडबुडे फटफट फुटू लागतात आणि कालथा ओढल्यावर पातेल्याचा तळ क्षणभर दिसतो तो. चौथा, पुरण कडा सोडून गोळ्यासारखे फिरते आणि त्यात कालथा उभा राहतो तो. हे टप्पे शोधताना चित्राबरोबर आवाजही ऐकावा, कारण पातळ मिश्रणाची सलग खदखद संपून सुट्या बुडबुड्यांचा आवाज सुरू होतो ती वेळ डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते.

या चार टप्प्यांच्या मधला भाग म्हणजे निव्वळ ढवळणे. तो पळवायचाच आहे, पण पळवण्याला एक मर्यादा आहे आणि ती ढवळण्याच्या लयीवरून ठरते. तुमचा फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि कालथ्याचा एक फेरा दीड सेकंदात पुरा होतो असे धरू. १० पट वेग दिला की मूळ चित्रणातली दर दहावी फ्रेम उरते, म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये खरा वेळ एक तृतीयांश सेकंद जातो, आणि एका फेऱ्यात कालथा चार ते पाच ठिकाणी दिसतो. एवढ्यावर डोळा फेरा जुळवून घेतो. १६ पटीला हेच प्रमाण तीनाच्या खाली येते, त्यामुळे कालथा फिरताना दिसत नाही, इकडून तिकडे उड्या मारताना दिसतो. ४५ पटीला तर दोन फ्रेममधले अंतर बरोबर दीड सेकंदाचे होते, म्हणून कालथा जवळजवळ एका जागी थबकतो आणि पुरण आपोआप हलत असल्याचा भास होतो. फेऱ्याला लागणाऱ्या सेकंदांना सेकंदाच्या फ्रेमसंख्येने गुणून चाराने भागले की आपली वरची मर्यादा मिळते. इथे ती ११ च्या आसपास येते, म्हणून मी १० पट वेग घेईन.

यावर तुम्ही म्हणाल की १० पटीनेही सगळे मिळून सव्वादोन मिनिटांच्या वर जाते. जाते, आणि म्हणूनच मधला भाग संपूर्ण पळवायचा नसतो. त्यातले एकेका मिनिटाचे नमुने उचलायचे, तेवढेच पळवायचे आणि उरलेले कापून टाकायचे. चौदा मिनिटे ढवळताना प्रेक्षकाला एकच गोष्ट समजायला हवी, ती म्हणजे मिश्रण हळूहळू दाट होते आहे. आणि लांब अंतरावरचे तीन नमुने शेजारी ठेवले की ती सलग चौदा मिनिटांपेक्षा जास्त ठळक दिसते, कारण प्रत्येक जोडावर रंगातला आणि दाटपणातला फरक एकदम समोर येतो. दोन नमुन्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचे विरघळते संक्रमण द्यावे. थेट काप दिला तर कॅमेरा हलल्यासारखे वाटते.

चित्रीकरण २४ मिनिटांचेच आहे असे धरून हिशेब मांडतो. तुमच्या वेळा थोड्या वेगळ्या असतील, पण क्रम हाच राहील. सुरुवातीला डाळ आणि गूळ एकत्र होतानाचे १२ सेकंद खऱ्या वेगात ठेवा. मग गूळ विरघळण्यातले ५० सेकंद १० पटीने पळवा, ते ५ सेकंदांत बसतात. साधारण ३:५० ला मिश्रण पूर्ण सैल झालेले दिसेल, तिथले १५ सेकंद खऱ्या वेगात असू द्या. पुढच्या लांब टापूतून ६:००, १०:३० आणि १५:०० या ठिकाणचे एकेक मिनिट घ्या, प्रत्येकाचे ६ असे एकूण १८ सेकंद होतात. १८:०० ला जड बुडबुडे आणि दिसणारा तळ यांना खऱ्या वेगात १२ सेकंद द्या, त्यानंतर आणखी एका मिनिटाचा नमुना ६ सेकंदांत, आणि २२:३० पासून पुरण कडा सोडते तिथून कालथा उभा राहीपर्यंतचे २५ सेकंद अखंड ठेवा. सगळे मिळून ९३ सेकंद होतात. त्यांतले ६४ सेकंद खऱ्या वेगातले आहेत आणि पळवलेले फक्त २९. शेवटचा भाग लांब वाटला तरी त्याला हात लावू नका, कारण पुरण झाले की नाही हे लोक याच २५ सेकंदांवरून ताडून पाहणार आहेत.

खऱ्या वेगातला तुकडा कुठे सुरू करायचा याकडे विशेष लक्ष द्यावे. अवस्था बदलते त्या क्षणालाच वेग पूर्ववत केला तर प्रेक्षकाची नजर स्थिरावेपर्यंत तो क्षण निघून जातो, म्हणून बदलाच्या आधी निदान दोन सेकंद खरा वेग सुरू झालेला असावा. वेग हळूहळू उतरवण्याची सोय बऱ्याच संपादकांत असते, पण अशा कामात मी ती वापरत नाही. उतरत्या वेगाच्या त्या सेकंदात ढवळण्याची गती खरी किती आहे हे कळत नाही, आणि स्वयंपाकात हाताची गती हीसुद्धा माहितीच असते. याच कारणाने २ पट किंवा ३ पट वेगही टाळावा. तो पळवलेला आहे हे लगेच ओळखू येत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की पुरण एवढ्याच घाईने घोटायचे असते.

शॉटकटमध्ये टाइमलाइनवर योग्य जागी येऊन `S` दाबले की क्लिप तिथे दुभंगते, आणि नको असलेला तुकडा निवडून `X` दाबले की तो निघून पुढचा भाग मागे सरकतो. पळवायचा तुकडा निवडून `Properties` मध्ये `Speed` समोर १० लिहिले की काम होते. मात्र अशा रीतीने मधल्या नऊ फ्रेम सरळ गाळल्या जातात, त्यामुळे कालथ्याच्या कडा प्रत्येक फ्रेममध्ये तीक्ष्ण राहतात आणि चित्र थरथरते. एफएफएमपेग चालवता येत असेल तर पळवायचे नमुने त्यातून काढून घ्यावेत हे उत्तम, कारण त्यात शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळता येतात आणि कालथ्याच्या मागे हलकी पुसट रेघ उमटून हालचाल सलग वाटते. १०:३० चा नमुना असा निघेल:

```
ffmpeg -ss 00:10:30 -t 60 -i puran.mp4 -an \
 -vf "fps=30,tmix=frames=5,setpts=PTS/10" -r 30 n2.mp4
```

यातले `fps=30` सुरुवातीलाच ठेवायचे, कारण फोनच्या चित्रीकरणात फ्रेममधले अंतर कमीजास्त होत असते आणि ते आधी एकसारखे करून घ्यावे लागते. `tmix=frames=5` पाच फ्रेमची सरासरी काढते. तिथे १० लिहिले तर हालचाल आणखी मऊ होते, पण बुडबुडे पुसले जातात, आणि पुरणात बुडबुडे दिसणे गरजेचे असल्याने मी ५ वर थांबतो. `-an` मुळे आवाज निघून जातो. पळवलेला आवाज कोणत्याही उपायाने ऐकवत नाही, त्यामुळे तो ठेवूच नये. त्याऐवजी त्याच अवस्थेतला, न पळवलेल्या चित्रणातला खदखदण्याचा आवाज सहा सेकंद खाली पसरावा आणि त्यावर निवेदन द्यावे.

प्रत्येक पळवलेल्या नमुन्यावर आच आणि खरा वेळ लिहिणे मी अत्यावश्यक मानतो. लांब टापूवर «मंद आच, सुमारे १४ मिनिटे» एवढे पुरे. हे लिहिले नाही तर पाहणारा घाईने आच वाढवतो आणि पुरण खाली लागते. तो दोष मग कृतीचा नसतो, आपल्या संपादनाचा असतो. तिन्ही नमुने संपेपर्यंत ही ओळ पडद्यावर एकाच जागी राहू द्यावी, म्हणजे तिन्ही मिळून एकच टापू आहे हे लक्षात येते.

पळवलेल्या भागात प्रकाश लुकलुकत असेल तर त्याचे कारण चित्रीकरणातच असते. वाफ वर आली किंवा स्टीलचा चकचकीत कालथा चौकटीत फिरला की फोन आपणहून उजेड कमीजास्त करतो. खऱ्या वेगात ते जाणवत नाही, पण १० पटीत चित्र धडधडते. नमुने घेण्याचा इथे आणखी एक फायदा होतो, कारण एखाद्या मिनिटात असा झटका असेल तर अलीकडचे किंवा पलीकडचे मिनिट घेता येते. पुढच्या वेळी चित्रीकरणाआधी पातेल्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस कुलूपबंद करावेत. फोनमध्ये शटर हाताने ठरवता येत असेल तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवरच्या दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० ठेवावे, कारण हे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात आणि या दोन वेळांत ती आवर्तने पूर्ण मोजली जातात. खिडकीच्या उजेडावर मात्र विसंबू नये, कारण चोवीस मिनिटांत ढग सरकतात आणि दूर अंतरावरचे नमुने मग रंगाने जुळत नाहीत.

ही नमुन्यांची पद्धत पुरणाला चालते कारण त्यातला बदल संथ आहे. पाकाला ती लावू नका. एकतारी पाक पुढच्या अवस्थेत फार लवकर जातो, आणि तार तपासण्याच्या दोन वेळांमधला पाक पळवला तर नेमके पाहण्यासारखे जे आहे तेच हरवते. पोळी लाटण्याचेही तसेच आहे. पुरण भरलेला उंडा लाटताना लाटणे किती हलके फिरते, कडेला कधी जाते आणि पिठी कधी लावली जाते हे सगळे गतीतच दिसते, म्हणून पहिली पोळी अखंड दाखवून पुढच्या पोळ्या कापून टाकाव्यात, पळवू नयेत.

सगळे जोडून झाल्यावर व्हिडिओ आवाज बंद करून फोनच्या छोट्या पडद्यावर पाहावा, आणि चारही टप्प्यांना थांबवून त्या चौकटीत पुरणाची अवस्था स्पष्ट दिसते का ते तपासावे. जिथे दिसत नाही तिथे त्या तुकड्याची सुरुवात आणखी दोन सेकंद मागे न्यावी.