बुरशी लागलेली पेंड आणि उकळलेलं दूध

प्रश्न: सरकी पेंडीच्या खालच्या पोत्यांना बुरशी लागलीये, वरची बुरशी झटकून तीच पेंड गाईला घालतोय. घरचं दूध आम्ही दोन उकळ्या आणूनच पितो, मग टेन्शन नाही ना?

टेन्शन आहे, आणि उकळ्या दोन आणा नाहीतर दहा, त्याने फरक पडणार नाही. मी दूध तपासणीच्या कामात आहे, हा गैरसमज आमच्याकडे दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये पण सर्रास दिसतो.

उकळल्यावर मरतात ते जंतू, म्हणजे जी वस्तू जिवंत आहे ती. अफ्लाटॉक्सिन जिवंत नाहीये, ते बुरशीने (एस्परजिलस फ्लेव्हस हिचं नाव) पेंडीत सोडलेलं विष आहे, एक केमिकल. ते तुटायला साधारण अडीचशे डिग्रीच्या वरचं तापमान लागतं आणि दूध उकळतं शंभरच्या आसपास, मग तुटणार कसं? डाळ कितीही उकळली तरी मीठ जात नाही, उलट आटली की खारट होते, तसंच हे. पॅकबंद दुधाचं पाश्चरायझेशन तर ७२ डिग्रीला १५ सेकंद, त्यानेही जात नाही. एफएसएसएआयने २०१८ ला देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यातल्या ३६८ मध्ये हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं, आणि कच्च्या दुधापेक्षा प्रोसेस केलेल्या दुधात त्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे डेअरीत तापवलं म्हणून सुटलो असं नाही.

आता पेंडीतलं दुधात येतं कसं ते सांगतो. पेंडीत असतं ते या अफ्लाटॉक्सिनचं बी१ रूप. गाईच्या पोटातून ते रक्तात जातं, लिव्हर त्यात थोडा बदल करून एम१ बनवतं आणि ते दुधातून बाहेर पडतं. साधारण बारा ते चोवीस तासात दुधात दिसायला लागतं. खाल्लेल्या बी१ पैकी साधारण एक ते दोन टक्के दुधात उतरतं, जास्त दूध देणाऱ्या गाईत याहून जास्त पण उतरतं.

एक हिशोब मांडून बघा. समजा पेंडीत किलोला १०० मायक्रोग्रॅम बी१ आहे (पशुखाद्याची मर्यादा २० आहे, पण बुरशीच्या पेंडीत १०० सहज असू शकतं) आणि गाय दिवसाला ४ किलो खाते. झाले ४०० मायक्रोग्रॅम, त्यातले दोन टक्के म्हणजे ८. गाय १० लिटर देत असेल तर लिटरमागे ०.८ मायक्रोग्रॅम, आणि आपल्याकडची मर्यादा ०.५. युरोपात तर ०.०५ आहे. आता हेच दोन लिटर दूध तुम्ही आटवून एक लिटर केलंत तर पाणी उडालं, विष तेवढंच राहिलं, म्हणजे लिटरमागे १.६ झालं. खवा करताना हेच होतं. एम१ दुधातल्या केसिन प्रोटीनला चिकटून राहतं, म्हणून पनीरमध्येही ते जास्त एकवटतं, तुपात मात्र फार कमी जातं.

झटकण्याबद्दल पण बोलायला हवं, खरी चूक तिथेच होतेय. दिसतो तो हिरवट-पिवळा थर म्हणजे बुरशी, विष त्याच्या आत, पेंडीच्या कणाकणात उतरलेलं असतं आणि ते डोळ्याला दिसत नाही, वासालाही येत नाही. झटकली, उन्हात वाळवली, की बुरशी वाढायची थांबेल पण तयार झालेलं विष पेंडीतच राहतं. आणि ते सगळीकडे सारखं नसतं, एका मुठीत काहीच नाही आणि शेजारच्या मुठीत भरपूर, म्हणून तपासायला द्यायचं असेल तर पोत्याच्या वरून, मधून, तळातून असं थोडं थोडं काढून एकत्र करून द्या, एक ढेकूळ उचलून देऊ नका.

ती खालची पोती आजपासून बंद करा. शेळ्यांना, कोंबड्यांना पण घालू नका, कोंबडीच्या पिल्लांना तर हे गाईपेक्षा लवकर बाधतं, सरळ खड्ड्यात पुरा. बाजारात टॉक्सिन बाइंडर मिळतो, बहुतेक बेंटोनाइट मातीचा असतो, तो विष आतड्यात धरून ठेवून थोडं कमी करतो पण सगळं नाही, त्यामुळे तो घालून सडकी पेंड चालवायचा विचार नको. चांगलं खाद्य सुरू केलं की तीन-चार दिवसात दुधातलं एम१ उतरतं, तोवर निदान लहान पोरांना या गाईचं दूध देऊ नका, अफ्लाटॉक्सिनचा मार लिव्हरवर बसतो आणि कॅन्सरशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. पाच-सहा दिवसांनी डेअरीत एम१ ची स्ट्रिप टेस्ट असेल तर करून बघा. आणि पुढची पोती जमिनीला न टेकवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, तुमची तळातलीच पोती खराब झालीयेत म्हणजे ओल फरशीतूनच आलेली दिसतेय.