बाबांच्या गाण्यांचे हक्क आता कोणाकडे?

प्रश्न: बाबा मार्च १९९८ मध्ये गेले. त्यांनी लिहिलेली गाणी १९८५ च्या एका कॅसेटवर आहेत. रॉयल्टी आम्हा भावंडांना मिळते का, आणि किती वर्षं?

हो मिळते, शब्दांवरचा हक्क लेखक गेल्यानंतर ६० वर्षं राहतो, पण मोजायला सुरुवात मृत्यूच्या तारखेपासून नाही तर पुढच्या १ जानेवारीपासून होते, म्हणजे तुमच्या केसमध्ये १ जानेवारी १९९९ ते ३१ डिसेंबर २०५८.

लोक गोंधळतात ते इथे: कॅसेटचं रेकॉर्डिंग हा वेगळा हक्क, तो बहुतेक कंपनीचा असतो आणि कॅसेट निघाली तेव्हापासून मोजतात, म्हणून तो २०४५ अखेर संपेल. चाल दुसऱ्याने लावली असेल तर तिचा हिशोब त्या संगीतकाराच्या मृत्यूवरून. म्हणजे २०४६ मध्ये कोणी ते जुनं रेकॉर्डिंग फुकट वाजवू म्हणाला तरी बाबांच्या शब्दांसाठी तुमची परवानगी लागेलच!

आता आधी घरातली जुनी ट्रंक उघडा आणि बाबांनी कंपनीला काय लिहून दिलं होतं तो कागद शोधा, कारण त्यांनी हक्कच देऊन टाकले असतील तर वारसांकडे तेवढंच येतं जेवढं त्यांच्याकडे उरलं होतं.

मग आपल्या गोव्यात स्पेशल नोटरीकडे डीड ऑफ सक्सेशन करून घ्या, त्यात आई आणि सगळी भावंडं, लग्न होऊन गेलेल्या बहिणीसुद्धा, आली पाहिजेत (मुलींचा वाटा इथे मुलांइतकाच). तो कागद घेऊन आयपीआरएसकडे वारस म्हणून मेंबरशिप मागा, गाण्यांची रॉयल्टी तेच गोळा करतात.