‘आराम’, ‘आधार’ आणि ‘काढणं’

प्रश्न : मी सोलापुरातल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. कम्फर्ट केअर, लाइफ सपोर्ट आणि डीएनआर हे नातेवाइकांना मराठीत कसं सांगावं? फॉर्मवर ‘उपशामक उपचार’, ‘जीवरक्षक प्रणाली’, ‘पुनरुज्जीवन नको’ असं छापलंय. ते वाचलं की माणसं एकतर गप्प बसतात, नाहीतर अंगावर येतात.

उत्तर : अंगावर येतात ते शब्द कळला नाही म्हणून नव्हे, नको तितका कळला म्हणून. ‘पुनरुज्जीवन’ म्हणजे पुन्हा जिवंत करणं. ते तुमच्या हातात आहे आणि ‘ते करू नका’ असं मुलानं लिहून द्यायचं, असा त्या वाक्याचा सरळ मराठी अर्थ होतो. मी काही वर्षं इथल्याच एका रुग्णालयात नातेवाइकांशी बोलण्याचं काम केलं. यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक गृहस्थ होते, फुफ्फुसाचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला. थोरल्या मुलापुढे हाच कागद आला. तो म्हणाला, “म्हणजे बापाला मरू द्या म्हणून मीच सही करायची का वो?” त्याचं मराठी चोख होतं. चूक कागदाची होती.

इंग्रजीतही ही चूक लक्षात आली आहे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ‘डू नॉट रिससिटेट’, म्हणजे डीएनआरऐवजी डीएनएआर असा शब्द आहे. मधला ‘ए’ अटेम्प्टचा, म्हणजे प्रयत्नाचा. आपल्या वाक्यातही तो ‘प्रयत्न’ यायलाच हवा, आणि प्रयत्न कशाचा तेही उघड हवं. थांबलेलं हृदय चालू करायच्या या प्रयत्नात, म्हणजे सीपीआरमध्ये, छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, दरवेळी पाचेक सेंटीमीटर खोल दाबतात. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडू शकतात. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला हा उपाय वाचवू शकतो, पण आजारानं सगळं शरीरच थकत थकत हृदयापर्यंत आलं असेल तिथे तो क्वचितच लागू पडतो. त्या मुलाला शेवटी डॉक्टरांनी असं सांगितलं : “आजार वाढून वडिलांचं हृदय थांबलं, तर छाती दाबून ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नये, असं आमचं मत आहे. त्यानं आजार हटणार नाही, त्रास मात्र होईल. हृदय थांबेपर्यंतचे बाकीचे उपचार चालूच राहतील.”

या वाक्यातला ‘थांबलं, तर’ महत्त्वाचा. डीएनएआर फक्त त्या एका क्षणापुरता असतो. नातेवाईक मात्र तो आजपासून लागू समजतात. मुलाचा पुढचा प्रश्न तोच होता, “मग सलाईन बंद करणार?” हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर तो मनात राहिला आहे असं धरून आपणच उत्तर द्यावं.

आता ‘लाइफ सपोर्ट’. वर्तमानपत्रांनी रुळवलेला ‘जीवरक्षक प्रणाली’ हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण रक्षकाला हटवणारा कोण, हा प्रश्न तो सोबत घेऊनच येतो. ‘जीवनाधार’ तर त्याहून वाईट. मराठीत आधार काढून घेतात तो दगा देणारा माणूस. म्हणून एकच मोठं नाव न देता प्रत्येक यंत्राचं काम सांगावं : व्हेंटिलेटर फुफ्फुसांचं काम करतं, डायलिसिस किडनीचं, ठिबकत जाणारं औषध रक्तदाब धरून ठेवतं. व्हेंटिलेटर, डायलिसिस हे शब्द कन्ना चौकातल्या चहावाल्यालाही माहीत आहेत; त्यांना संस्कृत नावं देऊन काही साधत नाही. पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं : “ही यंत्रं शरीराचं काम करतात, आजार बरा करत नाहीत.”

खरा घोटाळा क्रियापदात आहे. रुग्ण सुधारला की आपण म्हणतो, “व्हेंटिलेटर काढलं.” पेढे वाटावेत अशी ती बातमी. आणि सुधारणा होणार नाही म्हणून यंत्र बंद करायचं ठरतं, तेव्हाही म्हणतो, “व्हेंटिलेटर काढू या.” एका बाईंनी हे ऐकून गावी फोन करून ‘बरं आहे, काढतायत’ असं कळवलेलं मी पाहिलं आहे. म्हणून ‘काढणं’ सुधारलेल्या रुग्णासाठी राखून ठेवावं. दुसऱ्या वेळी ‘थांबवणं’ म्हणावं आणि कारण त्याच दमात सांगावं : “उपयोग होत नाही म्हणून थांबवायचं. त्याआधी औषध देऊ, म्हणजे दम लागल्याची घालमेल होणार नाही.” यंत्र अजून लावलेलंच नसेल, तर ‘लावायचं नाही’. ‘न लावणं’ आणि ‘लावलेलं थांबवणं’ वेगळं बोलायला हवं. चालू यंत्र थांबवायचं तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि त्यातली २०२३ ची दुरुस्ती यांप्रमाणे डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. यातल्या कशालाही ‘दयामरण’ म्हणू नये. तो शब्द ऐकला की लोकांना इंजेक्शन देऊन मारणंच आठवतं.

‘कम्फर्ट केअर’साठी सगळ्यांना पहिला सुचतो तो ‘आराम’. हा शब्द सर्वांत धोक्याचा, कारण मराठीत ‘आराम पडला’ म्हणजे बरं वाटलं, दुखणं हटलं. ‘आता आरामाचे उपचार देऊ’ म्हटलं की घरचे डिस्चार्जची तारीख विचारतात. ‘सेवा’ याच्या उलट्या टोकाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘घरी न्या, सेवा करा’ हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलंय, की त्याचा अर्थ ‘आम्ही हात टेकले’ एवढाच उरलाय. वाईट वाटतं, कारण मला ‘शुश्रूषा’ फार आवडतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. तुमच्या कामाला याहून नेमकं नाव नसेल, पण खाटेशेजारी तो कोण वापरणार!

‘पॅलिएटिव्ह’च्या मुळाशी लॅटिन ‘पॅलियम’ आहे, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. चादरींच्या गावात हे भाषांतर सहज जमावं असं वाटतं, पण आपल्याकडे ‘पांघरूण घालणं’ म्हणजे गुन्हा लपवणं. तो नाद सोडला. फॉर्मवरचं ‘उपशामक’ असू दे. ‘वेदनाशामक’ गोळीशी नातं जोडून समजावता येतो. बोलताना मात्र ‘त्रास कमी करणारे उपचार’ म्हणा आणि लगेच त्रासांची नावं घ्या : दुखणं, दम, उलटी, झोप न येणं. “मॉर्फिनचा डोस ठरलेल्या वेळी देणार, मध्ये दुखलं तर वेगळा देणार” हे ऐकल्यावर ‘काहीच करणार नाहीत’ ही भीती कमी होते.

समजलं का, असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. काय समजलं ते घरात कसं सांगाल, असं विचारा. तो मुलगा खाटेशेजारीच आईला तेलुगूत सांगू लागला. मला ती भाषा जेमतेम कळते. मध्येच त्यानं दोन्ही पंजे स्वतःच्या छातीवर ठेवून दाबून दाखवले आणि हात हलवून ‘नाही’ अशी खूण केली. आईनं नळीकडे बोट करून “ऑक्सिजन?” एवढंच विचारलं. त्यानं मान डोलावली, “ते चालू.”