मधलं पद फोडताना −9 आणि 8 च का?

6x² − x − 12 = 0 या गणितात तू −12 चे अवयव शोधत बसलास, तिथेच अडलास. (2x − 3)(3x + 4) हे कंस गुणून बघ. मधली पदं 8x आणि −9x येतात. 8 म्हणजे 2×4, −9 म्हणजे −3×3. दोन्हींच्या गुणाकारात चारही अंक येतात, म्हणून तो 6×(−12), म्हणजे −72 होतो. गुणाकार ऋण, म्हणून चिन्हं विरुद्ध. बेरीज x चा सहगुणक −1, म्हणून मोठा अंक ऋण: −9 आणि 8.

आता −x च्या जागी −9x + 8x लिही आणि दोन-दोन पदांतून सामाईक अवयव काढून मांड:

3x(2x − 3) + 4(2x − 3) = 0

दोन्ही कंस सारखे आले नाहीत, तर आधी चिन्हं तपास. बहुतेक वेळा चूक तिथेच असते. उत्तरं 3/2 आणि −4/3.